दोनच उपकरणं, तरी ‘डिव्हाइस लिमिट’ का भरते? खातं पुन्हा पुन्हा अडकण्याचं कारण आणि बाकीची लॉगिन नीट काढण्याची पद्धत

“मामा, परत तेच आलंय.”

रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. भाचीचा लाइव्ह तास नऊला सुरू झालेला आणि लॅपटॉपवर धड्याऐवजी एक पांढरी चौकट: Device limit reached. तिच्या कोर्सला तीन उपकरणांची मुभा आहे. तिच्याकडे एक फोन आणि एक लॅपटॉप, बस्स. तरी हा प्रकार तिसऱ्यांदा झाला होता. आधीच्या दोन्ही वेळी तिने चौकटीतलं Log out from all devices दाबलं, पुन्हा ओटीपी टाकला आणि काम भागवलं. मग कधी आठ दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी तीच चौकट परत हजर.

मी एका ऑनलाइन क्लासच्या मदत विभागात काही वर्षं काढली आहेत. “अहो, माझ्याकडे दोनच उपकरणं आहेत” हे वाक्य तिथे दिवसातून किती वेळा ऐकलं याला गणती नाही. बोलणारे बहुतेक खरंच बोलत असत. सर्व्हरही खोटं बोलत नसे. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते, एवढंच.

सर्व्हर उपकरणं मोजत नाही, बिल्ले मोजतो

तुम्ही लॉगिन करता तेव्हा सर्व्हर तुमच्या ब्राउझरला किंवा ॲपला एक बिल्ला देतो आणि स्वतःच्या वहीत त्याची नोंद करतो. तांत्रिक भाषेत याला सेशन किंवा टोकन म्हणतात. पुढच्या प्रत्येक वेळी तुमचं ॲप तो बिल्ला दाखवतं, म्हणून दरवेळी ओटीपी मागितला जात नाही. मर्यादा लागते ती वहीतल्या नोंदींना. त्या नोंदीमागचा लॅपटॉप टेबलावर आहे की भंगारात गेलाय, हे सर्व्हरला दिसत नाही.

आता समजा तुम्ही ॲप अनइन्स्टॉल केलं. बिल्ल्याची तुमच्याकडची प्रत गेली, पण वहीतली नोंद तशीच राहिली, कारण तुम्ही निघालात हे सर्व्हरला कुणी सांगितलंच नाही. ब्राउझरच्या कुकीज पुसल्या, गुप्त खिडकी बंद केली, फोन फॅक्टरी रीसेट केला, तरी हेच होतं. पुन्हा लॉगिन केलं की नवा बिल्ला, नवी नोंद. जुनी नोंद मात्र जागा अडवून बसते, आणि गंमत म्हणजे ती जागा आता कुणीच वापरत नसतं. आम्ही मदत विभागात अशा नोंदींना ‘भुतं’ म्हणायचो.

नोंद ताबडतोब मिटते ती फक्त दोन वेळा: तुम्ही लॉगआउटचं बटण दाबता तेव्हा, किंवा दुसऱ्या उपकरणावरून ती नोंद काढून टाकता तेव्हा. बऱ्याच सेवांमध्ये ठरावीक दिवस न वापरलेली नोंद आपोआपही गळते. म्हणून कधीकधी काही न करताच प्रश्न ‘आपोआप सुटला’ असं वाटतं.

हे लक्षात आलं की Log out from all devices हा उपाय का पुरत नाही तेही कळतं. त्याने साठलेली भुतं जातात, पण भुतं तयार होण्याची जागा तशीच राहते. भाचीच्या बाबतीत ती जागा शोधायची होती. पण आधी तास.

कोणती मर्यादा आडवी आली ते पाहा

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही, चौकट कधी येते यावरून अंदाज येतो. लॉगिन करतानाच अडवलं, तर ती लॉगिनची मर्यादा. या लेखात मुख्यतः तीच आहे. लॉगिन नीट होतं, धड्यांची यादीही दिसते, पण व्हिडिओ सुरू करताना अडतं, तर एकाच वेळी किती ठिकाणी व्हिडिओ चालावा याची मर्यादा. कुठेतरी व्हिडिओ चालू असताना नेट गेलं किंवा लॅपटॉप झटक्यात बंद पडला, तर तो व्हिडिओ अजून चालू आहे असं सर्व्हर थोडा वेळ धरून चालतो. तो व्हिडिओ नीट बंद करून काही मिनिटं थांबलं की बहुधा मोकळं होतं.

तिसरा प्रकार सगळ्यात चिवट, तो म्हणजे नोंदणीकृत उपकरणं. यात लॉगआउट केलं तरी जागा सुटत नाही, कारण तिथे बिल्ल्याबरोबर खुद्द फोनची ओळखही बांधलेली असते. त्याबद्दल शेवटी.

यादी वाचायला शिका, घाबरण्याआधी

भाचीच्या फोनवरचं ॲप अजून लॉगिन होतं. त्यातून प्रोफाइल, मग सेटिंग, मग Manage devices उघडायला सांगितलं. प्रत्येक ॲपमध्ये हा पर्याय थोडा वेगळ्या नावाने असतो, पण बहुधा प्रोफाइल किंवा सुरक्षेच्या भागातच सापडतो. यादीत तीन ओळी होत्या. पहिली अँड्रॉइड ॲप, तिच्यापुढे This device. दुसरी Chrome, Windows 10, शेवटचा वापर रविवारचा. तिसरी Chrome, Linux, शेवटचा वापर गुरुवारचा.

“लिनक्स? माझ्याकडे कुठलं आलंय लिनक्स? आणि माझा लॅपटॉप विंडोज अकरा आहे, दहा नाही. मामा, कुणीतरी खातं हॅक केलंय.”

अशी शंका येणं साहजिक आहे. पण या यादीतली नावं सर्व्हरने तपासून लिहिलेली नसतात. वेबसाइट उघडताना ब्राउझर स्वतःबद्दल जी एक ओळ पाठवतो, तिच्यावरून ती रचलेली असतात, आणि आजचे ब्राउझर त्या ओळीत मुद्दाम कमी आणि ढोबळ माहिती देतात. विंडोज ११ वरचा क्रोमही त्या ओळीत असंच सांगतो:

```
Windows NT 10.0; Win64; x64
```

म्हणजे केवळ त्या ओळीवर विसंबणाऱ्या यादीत विंडोज ११ हा विंडोज १० म्हणूनच दिसणार. अँड्रॉइडवरच्या क्रोमने तर २०२३ पासून फोनचं मॉडेल सांगणंही सोडलंय. कुठलाही फोन असला, त्यात अँड्रॉइडची कुठलीही नवी आवृत्ती असली, तरी ओळ एकच:

```
Linux; Android 10; K
```

यादीत ‘Android 10’ आणि पुढे नुसतं ‘K’ दिसलं की लोक हादरतात. तो बहुधा तुमच्याच फोनमधला क्रोम असतो. आयपॅडचीही अशीच गंमत आहे. २०१९ मध्ये आलेल्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरचा सफारी मोठ्या पडद्याच्या आयपॅडांवर मूळ सेटिंगमध्ये स्वतःला मॅक म्हणवतो. घरात एकही मॅक नसताना यादीत Safari, macOS दिसलं तर आधी आयपॅड आठवा.

आता लिनक्स. मी तिला विचारलं, “गुरुवारी फोनवर वेबसाइट उघडली होतीस का? ॲप नाही, वेबसाइट.”

थोडा वेळ शांतता. मग, “अगं बाई… हो. बसमध्ये नोट्सची पीडीएफ ॲपमधून उघडत नव्हती. म्हणून क्रोममध्ये उघडली. मोबाइलवर नीट दिसेना म्हणून ते Desktop site केलं.”

तेच ते. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये Desktop site चालू केलं की तो स्वतःला लिनक्सवरचा संगणक म्हणवतो. तिचा ‘हॅकर’ म्हणजे तीच, गुरुवारी, बसमध्ये. शिवाय फोनवरचं ॲप आणि त्याच फोनवरचा क्रोम हे सर्व्हरच्या दृष्टीने दोन वेगळे ग्राहक. दोघांत बिल्ला सामायिक नसतो. एका फोनने दोन जागा अडवल्या त्या अशा. काही मेसेजिंग ॲप तर आलेला दुवा स्वतःच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडतात. तिथे लॉगिन केलंत की तिसरी जागा.

यादीतल्या शहराच्या नावावर तर कधीच एकदम विश्वास ठेवू नका. ते नाव आयपी पत्त्यावरून काढलेलं असतं आणि मोबाइल डेटावर तो पत्ता तुमच्या कंपनीच्या दूरच्या केंद्राचा असू शकतो. व्हीपीएन चालू असेल तर दुसरा देशही दिसेल. वेळेचंही तेच: काही ठिकाणी ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते, त्यामुळे पहाटेची विचित्र वेळ दिसते आणि प्रत्यक्षात तुम्ही सकाळी अभ्यास करत असता. स्वतःच्या चालू सत्राची वेळ घड्याळाशी ताडून पाहिली की किती तासांचा फरक आहे ते लगेच कळतं. तोच फरक बाकीच्या ओळींना लावा.

ओळ आपली की परकी हे ठरवताना मी नावापेक्षा वेळेला जास्त महत्त्व देतो. रविवारी संध्याकाळी सात वाजता मी कुठे होतो, काय उघडलं होतं, हे माणसाला आठवतं. ‘Linux x86_64’ वरून काहीच आठवत नाही.

एक ओळ काढायची की सगळ्या?

तासाची घाई होती, तरी भाचीला Log out from all devices दाबू दिलं नाही. कारण मागच्या वेळी त्या बटणाने फोनवरचं ॲपही लॉगआउट झालं होतं आणि ऑफलाइन बघायला उतरवलेले चौदा व्हिडिओ गेले होते. उतरवलेला धडा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्या लॉगिनला बांधलेली असते. बऱ्याच ॲपमध्ये लॉगआउट होताच ती किल्ली रद्द होते, आणि फाइल जागा अडवून राहिली तरी चालत नाही. पुन्हा सगळं उतरवायचं म्हणजे डेटाही गेला आणि वेळही.

म्हणून आपल्याच नोंदी असतील तर एकेक काढा. तिला आधी ओळींचा स्क्रीनशॉट घ्यायला लावला, कारण नोंद काढली की पुरावाही जातो आणि नंतर कारण शोधायला तोच लागतो. मग This device ची ओळ कोणती ते पक्कं केलं, म्हणजे हातातल्याच फांदीवर कुऱ्हाड नको. मग लिनक्सची ओळ काढली. रविवारची Windows 10 ही ओळ मात्र मुद्दाम ठेवली. का, ते पुढे येईल. एक जागा मोकळी झाली, लॅपटॉपवर लॉगिन झालं, नऊ वाजून एकवीस मिनिटांनी ती तासात होती.

ओळ काढल्यावर लगेच आत घेतलं नाही, तर धीर धरा. पुष्कळ ठिकाणी बिल्ल्याचे दोन भाग असतात. एक छोट्या मुदतीचा, काही मिनिटांपासून तासाभराचा, आणि दुसरा त्याचं नूतनीकरण करणारा, लांब मुदतीचा. तुम्ही ओळ काढता तेव्हा लांब मुदतीचा रद्द होतो. छोटा आपली मुदत संपेपर्यंत चालू शकतो. त्यामुळे काढून टाकलेल्या उपकरणावर थोडा वेळ व्हिडिओ चालूच आहे असंही दिसेल. या वेळात सारखा सारखा ओटीपी मागवू नका. चार-पाच वेळा मागवलात की ओटीपीच अडवला जातो आणि मग खरोखर तासभर बाहेर बसावं लागतं.

आणखी एक खबरदारी. घरात दोघं भावंडं एकाच खात्यावर अभ्यास करत असतील, आणि एकजण आतल्या खोलीत सराव परीक्षा देत असेल, तर ओळ काढण्याआधी हाक मारून विचारा. परीक्षेच्या मध्येच सत्र तोडलं तर जतन केलेली उत्तरं बहुधा राहतात, पण वेळेचा काटा सर्व्हरवर चालूच असतो. पुन्हा ओटीपी टाकून आत येईपर्यंत चार-पाच मिनिटं हातची जातात. मदत विभागात सर्वांत रागावलेले फोन याच कारणाने यायचे आणि बटण दाबणारा बहुतेक वेळा घरचाच निघायचा.

भुतं कुठे तयार होतात ते शोधणं

तास संपल्यावर रात्री साडेदहाला आम्ही खरं काम केलं. रविवारची Windows 10 ओळ ठेवली होती ती यासाठी: आता यादीत फोनचं ॲप, आजची Windows 10 आणि रविवारची Windows 10 अशा तीन ओळी होत्या. लॅपटॉप एक, ओळी दोन. म्हणजे लॅपटॉपने जुना बिल्ला हरवला आणि नवा घेतला. प्रश्न एवढाच, की हरवला कसा?

चाचणी सोपी आहे. रविवारची ओळ काढून टाकली, दोन ओळी उरल्या. लॅपटॉपवर क्रोमच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या, क्रोम पुन्हा उघडला, क्लासची साइट उघडली. ओटीपी मागितला! लॉगिन केल्यावर फोनवर यादी पाहिली, तर ओळी पुन्हा तीन. पाच मिनिटांत रोग सापडला. क्रोम बंद केला की तो साइटचा सगळा साठा पुसत होता, बिल्ल्यासकट.

“पण मग मला रोजच अडवायला हवं होतं ना?” तिचा प्रश्न बरोबर होता. उत्तर तिच्या सवयीत होतं. ती लॅपटॉप बंद करतच नाही, नुसतं झाकण मिटते. क्रोम खरोखर बंद व्हायचा तो आठवड्यातून एकदा, अपडेटसाठी रीस्टार्ट झाला की. प्रत्येक रीस्टार्टमागे एक भूत. फोनचं ॲप आणि लॅपटॉप मिळून दोन जागा, पहिल्या रीस्टार्टला तिसरी भरली, दुसऱ्याला चौकट. म्हणून पंधरा दिवस. आणि ज्या आठवड्यात तिने फोनच्या क्रोममध्ये काही उघडलं, त्या आठवड्यात पहिल्याच रीस्टार्टला चौकट. म्हणून कधी आठ दिवस. त्या अनियमितपणामुळेच तिला कुणीतरी मधूनमधून खातं वापरतंय असं वाटत होतं.

क्रोममध्ये हे सेटिंग Settings, मग Privacy and security, मग Site settings आणि त्यात तळाशी Additional content settings खाली On-device site data इथे असतं. तिथे Delete data sites have saved to your device when you close all windows हा पर्याय निवडलेला होता. कुणी केला? धाकट्या भावाने, ‘लॅपटॉप फास्ट करा’ छापाचा एक व्हिडिओ बघून. लॅपटॉप फास्ट झाला नाही, ते सोडा.

तो पर्याय बदलून साठा ठेवायला परवानगी दिली की झालं. लॅपटॉप सामायिक असेल आणि बाकीच्या साइटचा साठा पुसला जायलाच हवा असेल, तर सेटिंग तसंच ठेवून त्याच पानावर साठा ठेवायला मुभा असलेल्या साइटच्या यादीत फक्त क्लासचा पत्ता जोडा. इथे एक बारीक चूक नेहमी होते. धडे एका उपपत्त्यावर, म्हणजे सबडोमेनवर, असतात आणि लॉगिन दुसऱ्याच. फक्त एकच जोडला तर बिल्ला तरीही जातो. म्हणून सगळे उपपत्ते धरणाऱ्या रूपात लिहा, example.com च्या जागी तुमच्या क्लासचा पत्ता:

```
[*.]example.com
```

फायरफॉक्समध्ये हेच Privacy & Security मध्ये Delete cookies and site data when Firefox is closed या नावाने आहे आणि शेजारी Manage Exceptions आहे. एजमध्ये Choose what to clear every time you close the browser असं शोधा. तिथे कुकीजचा पर्याय बंद हवा.

सफारी वापरणाऱ्यांचा त्रास वेगळा. मार्च २०२० पासून सफारी, तुम्ही एखाद्या साइटशी सात दिवस काहीच व्यवहार केला नाही तर तिच्या स्क्रिप्टने ठेवलेला साठा पुसतो. ते सात दिवस सफारी वापरल्याचे मोजले जातात. आयपॅडवर रोज इतर कामं करणारा आणि क्लासची साइट फक्त दर दुसऱ्या रविवारी उघडणारा विद्यार्थी यात बरोबर सापडतो, जर त्या क्लासने बिल्ला अशा साठ्यात ठेवला असेल तर. आयपॅडसाठी ॲप असेल तर ते वापरणं हा सरळ मार्ग.

फोनवर भुतं तयार होतात ती बहुतेक Clear storage मुळे. ॲप अडकलं की लोक App info मध्ये जाऊन दिसेल ते पुसतात. Clear cache निरुपद्रवी आहे, लॉगिन राहतं. Clear storage ने ॲप कोरं होतं आणि बिल्ला जातो. ॲप दुरुस्त करायचंच असेल तर आधी आतून लॉगआउट करा, मग काय पुसायचं ते पुसा. ॲप काढून परत टाकतानाही तोच क्रम.

ओळ खरंच परकी निघाली तर

सगळी वजाबाकी करूनही एक ओळ आपली वाटत नसेल, तिचा शेवटचा वापर अशा वेळेचा असेल जेव्हा तुमची सगळी उपकरणं बंद होती, तर नुसती ओळ काढून भागत नाही. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो दोन मिनिटांत परत येईल. इथे क्रम महत्त्वाचा: आधी खात्यावरचा मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच आहे का ते पाहा, मग पासवर्ड बदला, आणि शेवटी सगळ्यांना लॉगआउट करा. उलट केलं तर मधल्या वेळात तो जुन्या पासवर्डने पुन्हा आत आलेला असतो. आणि पासवर्ड बदलला म्हणजे जुनी सत्रं तुटलीच असं धरून चालू नका, काही सेवा तोडतात, काही तोडत नाहीत. म्हणून शेवटची पायरी स्वतः करायची. उतरवलेले व्हिडिओ जातील, इथे ते सोसावं लागतं.

खात्याला पासवर्डच नाही, नुसता ओटीपी आहे, अशी स्थिती असेल तर प्रश्न वेगळा विचारा: माझा ओटीपी आणखी कुणाला दिसतो? नंबर आईबाबांच्या फोनमध्ये असेल तर तो फोन कोण हाताळतं? गूगलच्या Messages ॲपमध्ये Device pairing उघडून एखादा संगणक जोडून ठेवलेला आहे का तेही बघा, कारण जोडलेला असेल तर तिथे प्रत्येक ओटीपी दिसतो. लॉगिन गूगल खात्याने होत असेल तर `myaccount.google.com/device-activity` इथली यादीही तपासा. मात्र जुन्या फोनवरून गूगल खातं काढलं म्हणजे क्लासच्या ॲपमधलं सत्र गेलं असं नाही. गूगलने फक्त दार उघडून दिलं होतं, आतला बिल्ला क्लासचा आहे आणि तो क्लासच्याच यादीतून काढावा लागतो.

आणि मित्राला ‘दोन दिवसांसाठी’ दिलेला पासवर्ड आठवून पाहा. परकी ओळ म्हणून आलेल्या तक्रारींत हे उत्तर मी फार वेळा ऐकलंय, जरा अडखळत सांगितलेलं.

लॉगआउट करूनही जागा सुटत नसेल

यादी रिकामी दिसते, सगळीकडून लॉगआउट केलंय, तरी नव्या फोनवर तीच चौकट येते, तर ती नोंदणीकृत उपकरणांची मर्यादा. ॲपमध्ये Remove device किंवा Deregister असं काही असेल तर ते वापरा, पण जपून. अशा सेवांत महिन्यातून किंवा वर्षातून किती वेळा उपकरण बदलता येईल यालाही मर्यादा असते, ती उगाच वापरून टाकू नका.

फोन तोच असूनही नवा मोजला गेला असेल, तर त्याचीही कारणं आहेत. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला फोनची मिळणारी ओळख वेगळी असते आणि ती फॅक्टरी रीसेटने बदलते. फोनवर दुसरा युजर किंवा वर्क प्रोफाइल केलं असेल तर तिथे ओळख वेगळीच. ‘ड्युअल ॲप’ करून क्लासचं ॲप दोनदा ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आयफोनवर त्या कंपनीची सगळी ॲप काढून पुन्हा टाकली की ओळख बदलू शकते.

हे सांगून मदत विभागाकडून जागा सोडवून घेता येते, पण “लॉगिन होत नाही, लवकर करा” एवढंच लिहिलं तर तीन दिवस उलटसुलट प्रश्नोत्तरांत जातात. मी समोरच्या बाजूला बसलो असल्यामुळे सांगतो, असा मजकूर आला की आम्ही पहिल्याच वेळी काम उरकायचो:

“माझं खातं या नोंदणीकृत नंबरवर आहे. ऑर्डर क्रमांक सोबत दिला आहे. या तारखेला फोन फॅक्टरी रीसेट केल्यामुळे तोच फोन नवीन उपकरण म्हणून मोजला जात आहे. यादीचा आणि चौकटीचा स्क्रीनशॉट जोडला आहे. जुनी नोंद काढावी. लॅपटॉपची नोंद तशीच ठेवावी.”

शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर घाईत सगळंच काढलं जातं. हा मजकूर ॲपमधल्या Help मधूनच पाठवा. शोधयंत्रात ‘कस्टमर केअर नंबर’ टाकून जे नंबर मिळतात त्यांतले काही भामट्यांचे असतात. उपकरण काढण्यासाठी खऱ्या मदत विभागाला तुमचा ओटीपी लागत नाही, त्यांच्या पडद्यावर ती वही आधीच उघडी असते. ‘डिव्हाइस लिमिट काढून देतो’ म्हणणारी बदललेली ॲपही टाळा. त्यात लॉगिन केलं की बिल्ला ते ॲप बनवणाऱ्याच्या हाती जातो.

भाचीच्या यादीत आज सकाळी पाहिलं तर दोन ओळी होत्या, मधल्या काळात लॅपटॉप तीनदा रीस्टार्ट होऊनही. पीडीएफ मात्र ॲपमध्ये अजून उघडत नाही. ती आता लॅपटॉपवर उतरवून फोनवर पाठवते.